आमची वाटचाल: चार कप की आठ?

हवा ओढून मऊ कपांनी वस्तू धरणाऱ्या व्हॅक्यूम ग्रिपरच्या धंद्यात आम्हाला संपवायला निघालेली ऑर्डर खोकी उचलण्याची होती. बारा किलोची पन्हळी पुठ्ठ्याची खोकी, रोबोटने कन्व्हेयरवरून उचलून पॅलेटवर रचायची. मंजुरीचं पत्र हातात होतं आणि त्या भरवशावर आम्ही ब्लोअर, होज, कप सगळा माल उचलला होता. मग एका मोठ्या स्पर्धकाने त्याच ग्राहकाला सांगितलं, "हे लोक आठ कप आणि एवढा मोठा ब्लोअर का लावताहेत? चार कपांत आणि दाबाच्या हवेवर चालणाऱ्या एका छोट्या इजेक्टरवर आम्ही करून देतो." ऑर्डर गेली. वर बाजारात बोललं गेलं की आम्हाला व्हॅक्यूम कळत नाही. त्या काळात कारागिरांचे पगार कसे भागवले ते आमचं आम्हाला माहीत. त्यांच्यातला एकही सोडून गेला नाही, हे मात्र इथे लिहून ठेवायलाच हवं.

स्पर्धकाचा हिशोब कागदावर चुकीचा नव्हता, म्हणूनच तो जास्त बोचतो. ६० मिलिमीटरच्या कपाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. उणे ०.६ बार, म्हणजे वातावरणापेक्षा ०.६ बार कमी दाब मिळाला तर एक कप जवळपास १७० न्यूटन धरतो, चार कप ६८० न्यूटन. बारा किलोचं वजन जेमतेम १२० न्यूटन. त्यांनी डेमो दिला तो कोऱ्या, गुळगुळीत, लॅमिनेट केलेल्या खोक्यावर आणि गेज लावला होता इजेक्टरच्या तोंडाशी. काटा उणे ०.६ वर स्थिर. बघणाऱ्याला आणखी काय हवं?

पण पुठ्ठा हवा सोडतो. कागदाच्या पोतातून, पन्हळीच्या पोकळीतून, झाकणाच्या फटीतून, टेपच्या कडेच्या सुरकुतीतून हवा सतत आत येत राहते. तिथे पंप किती खोल व्हॅक्यूम ओढू शकतो याला महत्त्व नाही. गळतीइतकी हवा वाहून नेताना त्याच्याकडे किती व्हॅक्यूम उरतो, तो खरा आकडा. छोटा इजेक्टर बंद तोंडावर खोल जातो, पण गळती सुरू झाली की कोसळतो. साइड चॅनल ब्लोअर साधारण उणे ०.२ ते ०.४ बारपलीकडे जात नाही, पण त्या उथळ व्हॅक्यूमला भरपूर हवा ओढतो. खोक्यांना तोच लागतो.

स्पर्धकाचं मशीन चालू झालं आणि काही दिवसांतच खोकी पडू लागली. उचलताना नाही, वळताना. ही खूण लक्षात ठेवा. कपापाशी प्रत्यक्षात उणे ०.१५ बारच उरत असेल, तर चार कप मिळून १७० न्यूटन धरतात. बारा किलो शांतपणे वर उचलायला तेवढं पुरतं. रोबोट आडवा धावला की हिशोब बदलतो. आडवा वेग सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद वाढत असेल, तर खोक्याला ढकलायला ६० न्यूटन लागतात. कप आणि पुठ्ठा यांच्यातलं घर्षण ०.५ धरलं, तर त्यासाठी आणखी १२० न्यूटनची पकड लागते. वजनासकट २४० न्यूटन झाले. १७० मध्ये खोकं सरकणारच. तरी दोष आधी आमच्या जुन्या माउंटिंग प्लेटला दिला गेला, जी त्यांनी न विचारता वापरली होती.

आम्हाला तारलं ते एका पॅकिंगवाल्या काकांनी. अगदी सुरुवातीला, आमच्याकडे दाखवायला एकही मशीन नव्हतं तेव्हा त्यांनी पहिला ग्रिपर आमच्याकडून घेतला होता. या वेळी ते म्हणाले, "माझ्याकडची सगळ्यात वाईट खोकी देतो. दमट, रिसायकल केलेली, वाकड्या टेपची. त्यावर उचलून दाखवा, लाइन तुमची."

चाचणी आम्ही नेहमीसारखीच केली. एकच ६० मिलिमीटरचा, भात्यासारख्या घड्यांचा बेलो कप, कोणत्या व्हॅक्यूमला किती हवा ओढतो याचा आलेख आपल्याकडे आहे असा एक पंप, आणि गेज थेट कपाच्या मानेवर. सगळ्यात खराब खोक्यावर कप टेकवला, व्हॉल्व्हने हवा कमीजास्त करत काटा उणे ०.२५ बारवर आणला आणि तेव्हा वाहणारी हवा मोजली. मिनिटाला ७० लिटर. चांगल्या खोक्यावर हाच आकडा कितीतरी कमी येतो, पण पंप चांगल्या खोक्यावर कधीच ठरवायचा नाही.

पुढचा हिशोब सरळ. लागणारे २४० न्यूटन, सुरक्षेसाठी दुप्पट म्हणजे ४८०. उणे ०.२५ बारला एक कप सुमारे ७० न्यूटन देतो. सात कप लागतात, दोन ओळींत बसवायला आठ घेतले. आठ कपांची गळती मिनिटाला ५६० लिटर. खोकी आणखी बिघडतील, फिल्टर कागदाच्या धुळीने भरेल, म्हणून दीडपट धरली की ८४० लिटर, म्हणजे तासाला सुमारे ५० घनमीटर. हा आकडा ब्लोअरच्या पाटीवर शोधू नका. पाटीवर उघड्या तोंडाचा प्रवाह असतो. आलेखात उणे ०.२५ बारच्या रेषेवर ५० घनमीटर मिळाले पाहिजेत. आलेखातली हवा वातावरणाच्या दाबाला मोजलीय की आतल्या दाबाला, हेही विचारून घ्या, नाहीतर चाचणीचा आकडा आणि खरेदीचा आकडा वेगवेगळ्या मापाचे निघतात.

होजवर मी सगळ्यांशी भांडतो. एवढा ब्लोअर घेऊन बारीक नळी लावली, तर सगळा व्हॅक्यूम नळीतच संपतो. आतला व्यास दुप्पट केला की त्याच दाबफरकात पाच-सहा पट हवा जाते. म्हणून आमच्या प्रत्येक मशीनवर दोन गेज असतात, एक पंपापाशी आणि एक कपापाशी. पंपापाशी खोल आणि कपापाशी उथळ दिसलं, तर नळी, फिटिंग किंवा फिल्टर तुंबलंय. दोन्हीकडे उथळ दिसलं, तर गळती वाढलीय किंवा पंप थकलाय. गेज पंपापाशी एकटाच असेल, तर यातलं काहीच कळत नाही.

काकांच्या त्याच लाइनवर चपटी पाकिटंही होती, पातळ फिल्मची. तिथे आमचे खोक्यांचे कप काढावे लागतात. रुंद कपाखाली फिल्म आत ओढली जाते, भोकावर चिकटते आणि भोवती सुरकुत्या पडून हवा शिरते. व्हॅक्यूम वाढवला तर सुरकुत्या आणखी वाढतात. पाकिटाला पातळ, मऊ ओठाचे, आतून आधाराचे कंगोरे असलेले छोटे बेलो कप जास्त संख्येने लावावेत आणि आतला माल कपाखाली हलतो हे धरून गळती मोजावी. खोक्यांना पॉलियुरेथेन घ्या, पुठ्ठा रबर घासून खातो. सिलिकॉन मऊ असतं, पण ज्या पृष्ठभागावर नंतर छपाई किंवा रंग चढणार आहे, तिथे त्याचा डाग त्रास देतो.

आणखी एक. लहान खोकं आलं की काही कप उघडे राहतात आणि एक उघडा कप बाकीच्यांची हवा पळवतो. म्हणून काकांच्या ग्रिपरमध्ये आठ कप दोन गटांत आहेत, प्रत्येक गटाला वेगळा व्हॉल्व्ह. व्हॅक्यूम स्विच उणे ०.२ बारवर लावलाय. तेवढा व्हॅक्यूम आला नाही तर रोबोट उचलतच नाही, ऑपरेटरला दिवा दिसतो आणि तो आधी कपांचे ओठ बघतो.

ज्या ग्राहकाने आमची ऑर्डर रद्द केली होती, त्यांनी पुढे ब्लोअर बसवला. तो आमच्याकडून घेतला नाही. पण त्यांच्या ग्रिपरवर आज आठ कप आहेत.