‘सहकारी सांभाळतील’ म्हणजे नक्की कोण?

जून २०२५ च्या मध्यावर आमच्या अकाउंट्समधल्या सहायक मुलीने टेबलावर अर्ज ठेवला. सीए फायनलचा दुसरा ग्रुप सप्टेंबरमध्ये द्यायचा होता. मजकूर चारच ओळींचा होता: ४ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर ‘स्टडी लीव्ह’ मिळावी, परीक्षा महत्त्वाची आहे, माझ्या अनुपस्थितीत सहकारी काम सांभाळतील, आपली विश्वासू.

आमची भागीदारी फर्म, वाहनांचे सुटे भाग बनवणारी, अकाउंट्सला माणसं मोजून चार. त्यात जीएसटी, टीडीएस आणि पीएफ या तिन्ही गोष्टी हिच्याकडे. अर्ज वाचून मी एवढंच विचारलं, “सहकारी म्हणजे कोण?” ती म्हणाली, “सर, कोणी ना कोणी बघेलच ना.” अर्ज परत दिला. नाकारला नाही, नीट लिहून आण म्हटलं.

पहिली अडचण शब्दाचीच होती. सरकारी नोकरीत अध्ययन रजा नियमांतच असते. आमच्यासारख्या फर्मच्या रजेच्या रजिस्टरला तसा रकानाच नाही. अर्जात ‘स्टडी लीव्ह’ लिहिलं की पगारपत्रक करणारा कुठे बसवायची म्हणून थांबतो आणि शेवटी सगळी रजा बिनपगारी टाकून मोकळा होतो. त्यामुळे अर्जात कारण ‘परीक्षा’ लिहायचं आणि रजा कोणत्या खात्यातून किती, ते आपणच मांडायचं. तिची हक्काची रजा १९ दिवस शिल्लक होती. बाकीची बिनपगारी लागणार, हे तिने स्वतः लिहिलं तर मालकांकडे सही घ्यायला मला दोन मिनिटं पुरतात. नाहीतर हिशेब मला करावा लागतो, आणि मी केलेला हिशेब तिला कमी वाटण्याची शक्यता जास्त.

दुसरी अडचण ‘१४ सप्टेंबर’ या तारखेची. शेवटचा पेपर १४ ला, रविवारी. म्हणजे सोमवारी १५ ला ती कामावर, आणि १५ सप्टेंबर हा ऑगस्टच्या पीएफचा आणि ॲडव्हान्स टॅक्सच्या दुसऱ्या हप्त्याचा शेवटचा दिवस. तीन पेपर देऊन आलेल्या माणसाला त्या दिवशी चलनं भरायला बसवणं मला पटत नाही. पीएफचा आकडा एका कामगारासाठी जरी चुकला तरी पुढचे दोन महिने दुरुस्तीत जातात. रजा एक दिवस वाढव आणि १५ ची दोन्ही कामं आधीच दुसऱ्याच्या नावावर लाव, असं सुचवलं. एका दिवसाची बिनपगारी तिला चालणार होती.

आठवड्याने दुसरा अर्ज आला. यात मात्र तक्ता होता: तारीख, काम, करणारा. टीडीएस ७ ला, जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न ११ ला, पीएफ-ईएसआय १५ ला, ३बी म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न २० ला. टीडीएस आणि पीएफ पगारपत्रक करणाऱ्या मुलाकडे, जीएसटीची दोन्ही रिटर्न खरेदीची बिलं बघणाऱ्या काकांकडे. कामांची वाटणी बरोबर होती, कारण प्रत्येकाकडे त्याच्या रोजच्या कामाला लागून असलेलंच काम गेलं होतं. पण तक्त्यात शेवटची मुदत हीच कामाची तारीख धरली होती. बहुतेक अर्ज इथेच फसतात.

१५ ऑगस्टला सुट्टी. पीएफचं चलन त्या दिवशी पोर्टलवर भरता येतं, पण चलन तयार करणारा मुलगा झेंडावंदन करून घरी गेलेला असतो आणि बँकेची मंजुरी देणारे भागीदार गावी. पीएफला एक दिवस उशीर झाला की व्याज लागतं, ते फार नसतं. खरी चपराक तेव्हा प्राप्तिकरात बसायची. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा मुदतीनंतर भरला तर तेवढी रक्कम फर्मला खर्च म्हणून मिळतच नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर त्यावर वाद घालायला जागा उरलेली नव्हती. म्हणून तक्त्यात पीएफची तारीख १३ ऑगस्ट केली.

टीडीएसचंही तसंच. जुलैत कापलेला कर ७ ऑगस्टऐवजी ८ ला भरला तर एका दिवसाचं व्याज लागेल असं लोकांना वाटतं. व्याज कर कापल्याच्या तारखेपासून मोजतात, दरमहा दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. जुलै एक, ऑगस्ट दुसरा, म्हणजे एका दिवसाच्या उशिराला तीन टक्के. ही गोष्ट तिला माहीत होती. तिच्या जागी बसणाऱ्या मुलाला नव्हती, म्हणून तक्त्यात त्या ओळीखाली कारण लिहायला लावलं. कारण कळलं की माणूस तारीख पुढे ढकलत नाही.

आणि मग गणपती. पगारपत्रकवाला मुलगा मूळचा राजापूरकडचा. २७ ऑगस्टला चतुर्थी, त्याची गाडी २३ ला रात्री, परत ४ सप्टेंबरला. ही रजा त्याने मार्चमध्येच मंजूर करून घेतली होती आणि ती मागे घे म्हणण्याची आमच्यात कोणाची छाती नाही. पण हिच्या तक्त्यात ऑगस्टचा टीडीएस त्याच्याच नावावर ७ सप्टेंबरला. ७ ला रविवार, ६ ला अनंत चतुर्दशीची सुट्टी, आणि तो प्रवासातून आलेला ४ ला. उरला फक्त ५ सप्टेंबर. एका दिवसावर टांगलेलं काम म्हणजे कोणाकडेच नसलेलं काम. तक्त्याला चौथा रकाना जोडला: ‘तो नसेल तर कोण’. या ओळीपुढे माझं नाव आलं. मॅनेजरचं नाव अशा तक्त्यात येऊ नये असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं, एकदा तरी यावं, म्हणजे तक्ता तोही नीट वाचतो.

खरा धक्का ११ जुलैला बसला. मी अट घातली होती की जुलैतली सगळी कामं ज्यांच्याकडे जाणार आहेत त्यांनीच करायची. तिने शेजारी खुर्ची टाकून बसायचं, माऊसला हात लावायचा नाही. जूनची जीएसटीआर-१ काकांनी भरायला घेतली. विक्रीचे आकडे जुळले, दोन क्रेडिट नोटा राहिल्या होत्या त्या तिने लिहून ठेवलेल्या पानावरून त्यांनी स्वतःच पकडल्या. साडेचारला ‘फाइल विथ ईव्हीसी’ हे ओटीपीने सही करायचं बटण दाबलं. काका भागीदारांना फोन लावू लागले, ओटीपी आला का म्हणून. तिकडून उत्तर, काही आलं नाही. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर तिचा मोबाइल वाजला.

पोर्टलवर अधिकृत सहीवाले म्हणून नाव भागीदारांचं, पण त्यांच्यापुढे मोबाइल नंबर आणि ई-मेल दोन्ही हिचे. काही वर्षांपूर्वी कोणीतरी सोय म्हणून टाकलेले. ११ ऑगस्टला ती अभ्यासिकेत फोन बंद करून बसली असती आणि आम्ही इथे पोर्टल बिघडलंय म्हणत रात्रीपर्यंत बसलो असतो. तक्ता कितीही नेटका असला तरी ही गोष्ट कागदावर दिसत नाही. काम तिने न करता दुसऱ्याने करून बघितलं तरच दिसते.

दुरुस्ती अवघड नव्हती. सहीवाल्याचा मोबाइल आणि ई-मेल बदलणं ‘नॉन-कोअर अमेंडमेंट’मध्ये येतं, त्याला अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. ते ती समोर असतानाच उरकलं. लगेच माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचं खातं उघडून बघितलं. तिथेही १ एप्रिल २०२५ पासून लॉगिनला ओटीपी सगळ्यांना सक्तीचा झालेला, आणि डिस्पॅचवाले रोज तिच्याकडून फोनवर आकडे विचारून घेत होते! कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. डिस्पॅचसाठी त्यांच्या स्वतःच्या नंबरावर सब-युजर काढून दिला. हे राहिलं असतं तर ४ ऑगस्टला पहिलीच गाडी गेटवर उभी राहिली असती.

तिसरा अर्ज जुलै संपण्याआधी आला. एका पानाचा, तक्ता मागे जोडलेला. मधला भाग जसाच्या तसा देतो:

“सीए फायनल, दुसरा ग्रुप या परीक्षेसाठी ४ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर २०२५ अशी रजा मंजूर व्हावी. एकूण दिवस ४३. त्यातून ६ रविवार व ३ सुट्ट्या (१५ ऑगस्ट, २७ ऑगस्ट, ६ सप्टेंबर) वजा जाता कामाचे दिवस ३४. पैकी १९ दिवस हक्काची रजा व १५ दिवस बिनपगारी धरावेत. मधले रविवार व सुट्ट्या रजेत धरत नाहीत, हे पगार विभागाकडून विचारून घेतले आहे.

सोबतच्या तक्त्यातील कामे ज्यांच्याकडे दिली आहेत त्यांनी ती जुलैत एकदा केली आहेत व तक्त्यावर सही केली आहे. खरेदीचे जे बिल १४ तारखेच्या २बी मध्ये दिसणार नाही त्याचे क्रेडिट ३बी मध्ये घेऊ नये, पुढच्या महिन्याच्या यादीत टाकावे. त्यासाठी मला विचारण्याची गरज नाही.

३१ ऑगस्टपर्यंत ७, ११, १३ व २० तारखेला सायंकाळी ६ ते ६.३० मी फोनवर असेन. १ सप्टेंबरपासून फोन बंद राहील.”

शेवटच्या दोन वाक्यांसाठी तिला थोडं पटवावं लागलं. तिने आधी लिहिलं होतं ‘गरज पडल्यास फोनवर उपलब्ध राहीन’. ते वाक्य नम्र दिसतं, पण त्याचा अर्थ दिवसातून चार फोन, तेही ‘अमुक फाइल कुठंय’ यासाठी. अर्धा तास ठरलेला असला की लोक प्रश्न साठवतात, आणि साठवता साठवता निम्मे स्वतःच सोडवतात.

दुसऱ्या परिच्छेदातलं क्रेडिटचं वाक्य मला सगळ्या अर्जात जास्त मोलाचं वाटतं. २बी म्हणजे पुरवठादारांनी पोर्टलवर चढवलेल्या बिलांची यादी, आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा करणं. काम कोणी करायचं एवढं सांगून भागत नाही, अडलं तर ठरवायचं कोणी तेही सांगावं लागतं. २० ऑगस्टला नेमकं हेच आलं. एका पुरवठादाराने जुलैची बिलं पोर्टलवर चढवलीच नव्हती. साधारण अडीच लाखांच्या मालावरचं क्रेडिट. पुरवठादार फोनवर म्हणत होता, घेऊन टाका, पुढच्या महिन्यात दाखवतो. काकांनी तक्त्यावर बोट ठेवून त्याला नाही सांगितलं, तेवढा कर रोखीने भरला आणि त्याचं पुढचं पेमेंट बिलं दिसेपर्यंत थांबवलं. संध्याकाळी सहाला तिला फोन केला तो फक्त कळवायला.

ऑगस्टचा टीडीएस मी ४ सप्टेंबरला भरला. मुलगा राजापूरहून त्याच दिवशी आला, डोळे लाल, हातात मोदकांचा डबा. तक्त्यातल्या ओळीपुढे मी सही केली आणि चलनाची प्रत मागे टाचली.