एचएमटी जनता: दांडी हलवण्याआधीचा आठवडा आणि नंतरचा

जनता रोज रात्री नऊला चावी देऊन मोबाइलच्या घड्याळाशी लावून बघतो आहे. चावीची वेळ ठरलेली हवी, नाहीतर स्प्रिंगचा जोर कमीजास्त होतो आणि तोही आकड्यांत उतरतो. आजच्या फरकातून कालचा फरक वजा केला की त्या दिवसाची गती मिळते. पहिले आठ आकडे, सेकंदांत, सगळे पुढेच पळणारे:

१४, १८, ११, १६, १५, ३०, १३, ११

बेरीज १२८, सरासरी १६. कॅल्क्युलेटरला आकडे दिले की स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा फैलाव, ६.१४ येते. तेवढ्यावर थांबलो असतो तर घड्याळ लहरी आहे म्हणून सर्व्हिसिंगला टाकले असते. वहीत रकाने पाडले तेव्हा चित्र वेगळे दिसले.

| दिवस | गती | विचलन | वर्ग |
|---|---|---|---|
| १ | १४ | −२ | ४ |
| २ | १८ | +२ | ४ |
| ३ | ११ | −५ | २५ |
| ४ | १६ | ० | ० |
| ५ | १५ | −१ | १ |
| ६ | ३० | +१४ | १९६ |
| ७ | १३ | −३ | ९ |
| ८ | ११ | −५ | २५ |
| बेरीज | १२८ | ० | २६४ |

वर्ग करण्याआधी तिसऱ्या रकान्याची बेरीज करायचीच. ती शून्य आली तर सरासरी आणि वजाबाक्या जुळल्या. सरासरी पूर्णांकात नसेल तर थोडे उरते, आणि किती उरावे तेही आधीच सांगता येते. सात आकड्यांची बेरीज २० असेल आणि सरासरी २.८६ ऐवजी २.९ धरली, तर रकान्यात −०.३ उरणार. त्याहून जास्त उरले तर कुठेतरी चिन्ह उलटे पडले आहे. वर्ग केल्यावर चिन्हे जातात, मग हे पकडायला काही उरत नाही.

भागायचे ७ ने, ८ ने नाही. हेही रकान्यातच दिसते: शेवटचे −५ हाताने झाका. वरच्या सातांची बेरीज +५ आहे, म्हणजे झाकलेला आकडा −५ च असणार. आठांपैकी सातच मोकळे आहेत. २६४ ला ७ ने भागून व्हेरिअन्स ३७.७१ येतो, पण त्याचे एकक सेकंदांचा वर्ग, त्यावरून घड्याळाबद्दल काही बोलता येत नाही. वर्गमूळ ६.१४ सेकंद.

आता चौथा रकाना बघा. २६४ पैकी १९६ एकट्या सहाव्या दिवसाचे. तो रविवार होता. घड्याळ दिवसभर टेबलावर, डायल वर करून पडून होते, बाकी दिवस मनगटावर. आडव्या स्थितीत बॅलन्सचा, म्हणजे झोके घेणाऱ्या चाकाचा, आस टोकावर फिरतो, घर्षण कमी, झोका मोठा, म्हणून गती उभ्या स्थितीपेक्षा वेगळी पडते. म्हणजे तो आकडा वेगळ्याच परिस्थितीतला आहे. तो बाजूला काढला, कारण माहीत होते म्हणून. नुसता मोठा आहे म्हणून काढला नसता.

एक काढला की सगळी विचलने नव्याने लिहावी लागतात, कारण सरासरी १४ होते: ०, +४, −३, +२, +१, −१, −३. बेरीज शून्य. वर्गांची बेरीज ४०, भागिले ६, व्हेरिअन्स ६.६७, स्टँडर्ड डेव्हिएशन २.५८. मनगटावरचे घड्याळ चांगले शहाणे निघाले.

मग मागचे झाकण उघडून गती कमीजास्त करणारी रेग्युलेटरची दांडी केसभर हळूच सरकवली. पुढचा आठवडा: +३, −१, +४, +६, +१, +५, +३. सरासरी ३. विचलने ०, −४, +१, +३, −२, +२, ०, वर्गांची बेरीज ३४, स्टँडर्ड डेव्हिएशन २.३८. सरासरी १४ वरून ३ वर आली, फैलाव होता तिथेच. सगळ्या आकड्यांतून सारखेच वजा झाले तर विचलने बदलत नाहीत, त्यामुळे दांडीने फैलाव कमी होईल ही आशाच नको. त्यासाठी तेल, बीट म्हणजे टिक आणि टॉक सारख्या अंतराने पडतात का, आणि स्थितींमधला फरक बघावा लागतो.

स्विस क्रोनोमीटर चाचणीतही हे दोन वेगळे निकष आहेत: सरासरी गती −४ ते +६, आणि चढउताराला स्वतंत्र मर्यादा २ सेकंद. मात्र तिथे एकाच स्थितीतल्या दोन दिवसांच्या फरकांची सरासरी काढतात, त्यामुळे माझे २.३८ त्या २ शेजारी ठेवून उपयोग नाही.

शिवाय त्या २.३८ मध्ये माझ्या डोळ्याचाही वाटा आहे. एका रात्री सेकंदकाटा एक सेकंद पुढे वाचला गेला, तर त्या दिवसाची गती एकाने वाढते आणि दुसऱ्या दिवसाची एकाने घटते. दुसऱ्या आठवड्याच्या विचलनांत +३ च्या मागोमाग −२ आहे, ती जोडी मला संशयास्पद वाटते. पुढच्या आठवड्यापासून दर रात्री तीनदा वाचून मधला आकडा घेणार, आणि रविवारी घड्याळ हातातच ठेवणार.