तांदळात कुणाचं नाव लिहायचं?

"लग्नानंतर नाव बदललं नाहीत, मग नवऱ्याची काहीच हरकत नव्हती का?"

हरकत नव्हती. लग्नाआधी मी विषय काढला तेव्हा तो लगेच म्हणाला, "तुझं नाव, तू ठरव." मी निर्धास्त झाले. पण आम्ही बोललो होतो ते फक्त आडनावाबद्दल. आपल्याकडे बाईचं स्वतःचं नाव, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही लग्नात बदलू शकतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरले आणि नाव लिहायला त्याच्या हातात सोन्याची अंगठी दिली. सासूबाईंनी माझ्यासाठी नवं नाव काढून ठेवलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. त्याला वाटलं होतं, मी त्यांच्याशी बोलले असेन. मला वाटलं होतं, आपल्या आईला तोच सांगेल. शेवटी त्यानं माझंच नाव लिहिलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पेढे वाटताना त्यांचा चेहरा उतरला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून लग्न ठरलेल्या मुलींना मी आधी हेच विचारते, की घरी कोण सांगणार आहे?

मधल्या नावाचं कळायला आणखी दोन महिने गेले. जॉइंट खात्याचा फॉर्म त्यानं हौसेनं भरून आणला. आडनाव माझं होतं, पण मधे वडिलांच्या जागी त्याचं नाव. पॅन आणि आधारवर वडिलांचं नाव असल्यामुळे बँकेनं फॉर्म परत केला. मी रागावले तर तो खरोखरच गोंधळला, "पण आडनाव तर तुझंच ठेवलंय!" त्याच्या लेखी मधली जागा आपोआप नवऱ्याची होत होती.

नाव बदलायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. बदलायचंच असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र घेऊन आधार, पॅन, पासपोर्ट, बँक असं एकेक करत जावं लागतं, आणि एखादा कागद मागे राहिला की नाव जुळत नाही म्हणून काम अडतं. हे सगळं त्या रात्री त्याला पहिल्यांदा सांगितलं. त्यानं शांतपणे नवा फॉर्म भरला.

मग मुलगी झाली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. तिचं पूर्ण नाव लिहायला मी कागद घेतला. तिचं नाव लिहिलं, माझं लिहिलं, त्याचं लिहिलं आणि न थांबता त्याचं आडनावही लिहून टाकलं. तो शेजारीच बसला होता. म्हणाला, "आपण हे ठरवलं कधी?"

कागद बाजूला ठेवून आम्ही बोलायला बसलो.