वीस सेंटीमीटर वाळू गेली कुठे?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत पुनर्भरण खड्डा भरत होतो. साधं काम होतं. 180 चौरस मीटर गच्चीचं पाणी, आतून 2 बाय 2 मीटरचा आणि अडीच मीटर खोल खड्डा, चारी बाजूंनी विटांचं बांधकाम, तळाला मोकळा मुरूम. नकाशा माझाच. तळाला 75 सें.मी. सोलिंगचा दगड, त्यावर 50 सें.मी. चाळीस एमएमची खडी आणि सगळ्यात वर 45 सें.मी. जाड वाळू. उरलेले 80 सें.मी. पाणी साचायला मोकळे ठेवले होते.

खड्ड्याचा तळ 4 चौरस मीटर, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. दगड 3 घनमीटर, खडी 2, वाळू 1.8. आपल्याकडे माल ब्रासने येतो आणि ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. वाळू लागणार 0.64 ब्रास. टेम्पो आला तेव्हा मी स्वतः टेप लावला होता. हौदा 8 बाय 5 फूट, वाळू तीन ठिकाणी मोजून सरासरी एक फूट सात इंच. 63 घनफूट भरली. पावतीवर सही केली.

संध्याकाळी भरणं संपलं. काठावरून वाळूपर्यंत टेप सोडला तर 82 सें.मी. दोन सेंटीमीटरनं काही बिघडत नाही म्हणून टँकर मागवला, खड्ड्यात पाणी सोडून दिलं आणि घरी गेलो.

सकाळी सात वाजता सेक्रेटरी काकांचा फोन. "अहो, तुमची वाळू खाली गेलीय."

जाऊन बघितलं. पाणी मुरलं होतं, वाळू सपाट बसली होती आणि टेप दाखवत होता बरोबर एक मीटर. 45 सें.मी. जाडीच्या थरातली 20 सें.मी. वाळू रात्रीत नाहीशी. काकांचा निकाल तयारच होता: टेम्पोवाल्यानं मापात मारलं. मलाही ते सोयीचं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी त्याला फोन लावून दोन शब्द जास्तच बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, टेप तुम्हीच लावला होता ना?"

ते खरंच होतं. फोन ठेवला आणि मिस्त्रींकडे बघितलं. त्यांनी काही न बोलता ढिगाऱ्याची उरलेली ओली वाळू एका बादलीत भरली, न दाबता, सैल. बादलीत वाळूची उंची 30 सें.मी. मग वरून पाणी ओतून काठीनं ढवळलं. वाळू बसत बसत 25 वर आली.

ओलसर वाळू फुगते हे पुस्तकात वाचलेलं मला आठवलं, पण काँक्रीटच्या संदर्भात. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो कणांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण भिजलेली वाळू कमी जागा घेते, नुसती दमट वाळू जास्त. आमच्या वाळूत ही फूग 20 टक्के होती. म्हणजे टेम्पोत मी जी 1.8 घनमीटर मोजली, ती पाण्यात बसल्यावर दीडच घनमीटर राहणार होती. 45 सें.मी.चे साडेसदतीस. टेम्पोवाला यातून सुटला. पण साडेसात सेंटीमीटरचाच खुलासा झाला. अजून साडेबारा सें.मी., म्हणजे अर्धा घनमीटर वाळू बाकी होती.

मिस्त्री खड्ड्यात उतरले आणि एका कोपऱ्यात फूटभर चौकोनी वाळू बाजूला केली. खडीचा वरचा माथा जागच्या जागी होता, काठापासून सव्वा मीटरवर. खडी खचली नव्हती. पण त्यांनी दोन दगड उचलले आणि खालचा पोकळ भाग वाळूनं गच्च भरलेला. जसजसं खोल गेलो तसतशी वाळूच वाळू.

खडीच्या थरात साधारण 40 टक्के पोकळी असते. 2 घनमीटर खडीत 0.8 घनमीटर रिकामी जागा, आणि त्यात अर्धा घनमीटर वाळू आरामात शिरली. रात्री टँकरच्या पाण्यानं तिला ढकललं एवढंच. संध्याकाळी ती दमटपणामुळे दगडांवर कमान धरून राहिली होती, म्हणून टेप 82 दाखवत होता.

चूक नकाशात होती, म्हणजे माझी. वरच्या थराचे मोठे कण आणि खालच्या थराचे बारीक दगड यांत चार-पाच पटीपेक्षा जास्त फरक नसावा, नाहीतर वरचा माल खाली गळतो. वाळूचे मोठे कण 2 एमएमचे, म्हणजे खालच्या थरातले बारीक दगड 8 ते 10 एमएमच्या आत हवेत. चाळीस एमएम खडीतले लहान दगडसुद्धा वीस-पंचवीस एमएमचे असतात. मधला थर मी काटकसर म्हणून गाळला होता.

काकांनी मग एक चांगला प्रश्न विचारला. "पण खड्ड्यात मावणारं पाणी कमी झालं का?" नाही झालं. वाळू खाली गेली तेवढी वर जागा मोकळी झाली, साठा तोच. "मग बिघडलं काय?"

बिघडलं हे की गच्चीवरची माती, पानांचा चुरा, शेवाळ हे सगळं वाळूच्या वरच्या काही सेंटीमीटरमध्ये अडकायला हवं. दर उन्हाळ्यात तेवढाच थर खरवडून नवी वाळू टाकायची, काम दोन माणसांचं. वाळू खडीत उतरली की गाळही तिच्यामागे खडीत जातो, आणि तिथून काढायचा तर अख्खा खड्डा उपसावा लागतो. काकांनी हिरवी जाळी अंथरायचं सुचवलं. पण बारीक जाळी वाळूखाली चोंदली तर वरून कळतच नाही, म्हणून मी नको म्हटलं.

वाळू काढली, खडी वर आणून दहा एमएमच्या चाळणीतून मारली. दोन दिवस गेले आणि मजुरी माझ्या खिशातून. सोलिंगच्या दगडापर्यंत वाळू फारशी पोहोचली नव्हती, तेवढं नशीब. धुतलेली खडी पुन्हा 50 सें.मी. भरली, तिच्यावर दहा एमएमची खडी 15 सें.मी. म्हणजे 0.6 घनमीटर, जेमतेम पाव ब्रास. मोकळी जागा 80 वरून 65 वर आली, पण चिंता नव्हती. पंधरा मिनिटांत 25 मिलिमीटर पाऊस धरला तर या गच्चीवरून जास्तीत जास्त साडेचार घनमीटर पाणी येतं, आणि थरांच्या पोकळ्या धरून खड्ड्यात सुमारे साडेपाच मावत होतं.

आता वाळूचा हिशेब फूग धरून केला. बसलेली 1.8 हवी तर दमट सैल वाळू 2.16 घनमीटर. चाळून परत मिळालेली धरूनही 13 घनफूट कमी पडत होती. एवढ्यासाठी कोण टेम्पो पाठवणार? पण त्याच टेम्पोवाल्यानं दहा-बारा गोण्या आणून टाकल्या. मी पैसे देताना त्या सकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. तो हसून म्हणाला, "पुढच्या वेळी टेपबरोबर बादली पण आणा."

संध्याकाळी भरून झाल्यावर टेप 56 दाखवत होता. काका चिंतेत, आता जास्त झाली म्हणाले. पाणी सोडलं. सकाळी मी सातच्या आधीच पोहोचलो, काका टेप घेऊन खड्ड्यापाशी उभेच होते. 66.