लाली दिसली, मग धोका कसला?

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. केअर प्लॅनसाठी मला मिळालेल्या काकू अडुसष्ट वर्षांच्या होत्या. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. तीन प्रकारची नर्सिंग डायग्नोसिस, म्हणजे पेशंटची घडलेली समस्या, संभाव्य धोका आणि आरोग्यवर्धन यांबद्दलची नर्सची विधानं लिहायची होती, आणि मी ती आदल्या रात्रीच एका सीनियरच्या फाइलवरून जवळजवळ उतरवून ठेवली होती. सकाळी पेशंटला बघून फक्त शेवटचा तुकडा जोडला.

पहिलं विधान असं होतं: ‘त्वचेला इजा होण्याचा धोका, फ्रॅक्चरमुळे, माकडहाडावर लाली असल्यावरून.’

वॉर्डच्या सिस्टरांनी ते वाचून विचारलं, “लाली तू पाहिलीस?”

“हो सिस्टर, सकाळी स्पंज देताना.”

“मग धोका कसला? चल.”

आम्ही काकूंना कुशीवर वळवलं. सिस्टरांनी लालीवर बोट ठेवून दोन-तीन सेकंद दाबलं आणि उचललं. त्वचा चांगली असेल तर दाबल्या जागी पांढरा ठसा उमटतो आणि मग रंग परत येतो. इथे ठसा उमटलाच नाही. जागा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गरम लागत होती. (सावळ्या त्वचेवर लाली पटकन कळत नाही, तिथे असा गरमपणा किंवा घट्टपणा हातानेच शोधावा लागतो.) त्वचा फाटलेली नव्हती, तरी ही प्रेशर इंज्युरीची पहिली पायरी होती. धोका खरा ठरून गेला होता आणि मी अजून धोकाच लिहीत होते.

धोक्याच्या विधानात दोनच भाग असतात: काय होऊ शकतं, आणि ते होण्याला पोषक अशा कोणत्या गोष्टी या पेशंटमध्ये आहेत. लक्षण त्यात लिहिताच येत नाही, कारण लक्षण सापडलं की ती घडलेली समस्या झाली. समस्येच्या विधानाला तीन भाग लागतात: समस्या, तिचं कारण आणि डोळ्यांनी किंवा हाताने मिळालेला पुरावा. मी दोन्हींची खिचडी केली होती.

‘फ्रॅक्चरमुळे’वरही सिस्टरांनी बोट ठेवलं. “हाड तू जोडणार आहेस का?” कारणाच्या जागी डॉक्टरांचं निदान लिहिलं की नर्सला करण्यासारखं काही उरत नाही. मग काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “हलले की कळ येते गं, म्हणून रात्रभर उताणीच पडून होते.” खरं कारण हे होतं. नवं विधान झालं: ‘माकडहाडावरील त्वचेला इजा, दुखण्यामुळे कूस न बदलल्याने पडलेल्या सततच्या दाबामुळे, पुरावा: ३ बाय २ सेंटिमीटरची, दाबूनही पांढरी न होणारी, गरम लाली.’

यामुळे करायची कामंच बदलली. आधी माझ्या प्लॅनमध्ये ‘दर दोन तासांनी कूस बदलणे’ एवढंच होतं. आता त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नव्हता, कूस बदलायच्या आधी वेदनाशामक गोळीची वेळ जुळवायची होती, डॉक्टरांना कळवायचं होतं आणि दर शिफ्टला लाली मोजून लिहायची होती. लालीवर चोळायचं नाही हेही त्याच दिवशी कळलं. मी तेल चोळायच्या बेतात होते!

मग धोक्याचं विधान गेलं कुठे? टाचांवर. टाचा बघितल्या तर त्वचा अगदी चांगली, पण पाय तासन्‌तास गादीवर टेकलेले. म्हणून: ‘टाचांच्या त्वचेला इजा होण्याचा धोका, पोषक गोष्टी: पाय स्वतः उचलता न येणे, टाचांवर सततचा दाब.’ पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवल्या. एकाच पेशंटला एका जागी समस्या आणि दुसऱ्या जागी धोका असू शकतो, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे आरोग्यवर्धनात, मी लिहिलं होतं: ‘स्वतःची काळजी घेण्याची तयारी, घरचे सहकार्य करतात यावरून.’ सिस्टरांनी त्यावर सरळ काट मारली. “घरच्यांचं राहू दे. काकू काय म्हणाल्या?” काकू काहीच म्हणाल्या नव्हत्या. ती जागा कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी गोळीनंतर कूस बदलताना काकूच म्हणाल्या, “हे माझं मला जमेल असं शिकव ना. घरी रात्री लेकीला उठवायला नको.” कोरी जागा भरली: ‘स्वतःची काळजी अधिक चांगली घेण्याची तयारी, पुरावा: कूस बदलायला शिकायचं असल्याचं पेशंट स्वतः सांगते.’ यात कारणाचा भाग नाही, कारण इथे बिघाड शोधायचा नसतो. पेशंटने बोलून दाखवलेली इच्छा हाच पुरावा.

चौथ्या दिवशी माकडहाडावर बोट दाबलं तर पांढरा ठसा उमटला. आणखी दोन दिवसांनी लाली गेली. मी समस्येच्या विधानापुढे तारीख घालून ते बंद केलं आणि फाइल मिटायला लागले. सिस्टर म्हणाल्या, “काकू आता आपली आपण वळतात?” अजून नव्हत्या वळत. फाइल पुन्हा उघडली आणि माकडहाडासाठी धोक्याचं विधान लिहिलं, या वेळी दोनच भागांत.