खाजनाचं एकच भाषण, दोन सभा

“खाजनातल्या, म्हणजे गोव्यात खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतल्या मिठावर तुम्ही कृषी शास्त्रज्ञांसमोरही बोलता आणि चोडण गावच्या शेतकऱ्यांसमोरही. विषय तोच, मग कुठे काय गाळायचं आणि काय समजवायचं, हे ठरवता कसं?”

आधी मी दोन्हीकडे न बदलणारा भाग बाजूला काढते. माझ्या भाषणात तो असा आहे: पाऊस खाजनातलं मीठ धुऊन खाली नेतो आणि मानसातून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, ओहोटीबरोबर बाहेर घालवतो. पावसाने ओढ दिली, माती सुकू लागली, की तेच मीठ मातीतल्या ओलाव्याबरोबर वर चढतं. त्या वेळी भाताचं रोप कोवळं असेल तर ते करपतं. बाकीच्या प्रत्येक तपशिलाला मी एकच प्रश्न विचारते: हा काढला तर समोरच्या माणसाचा निर्णय चुकेल का?

क्षारतेचा आकडाच घ्या. साधारण भाताला ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर त्रास सुरू होतो आणि कोरगुटासारखे खाजनातले जुने वाण त्याहून जास्त सोसतात. शास्त्रज्ञांच्या सभेत हा आकडा एकटा सांगून चालत नाही. माती पाण्याने पूर्ण भिजवून, लगदा करून काढलेल्या अर्कात मोजलं, की एक भाग मातीत दोन भाग पाणी घालून, हे सांगावंच लागतं. दुसऱ्या पद्धतीत मीठ जास्त पाण्यात विरघळतं, म्हणून त्याच मातीचा आकडा बराच कमी येतो. पद्धत गाळली तर ऐकणारा माझा आकडा स्वतःच्या आकड्याशेजारी ठेवेल आणि चुकीचा निष्कर्ष काढेल. नमुना किती खोलीवरचा आणि शेवटच्या पावसानंतर किती दिवसांनी घेतला, हेही तिथे ठेवते.

चोडणला हे सगळं मी गाळते, एककासकट. त्या आकड्यावर तिथे कुणी काही ठरवणार नसतो. पण पावसाने ओढ दिली की मीठ वर येतं, हा भाग तिथे दुप्पट वेळ घेतो. सामान्य श्रोत्यांसाठी भाषण सोपं करताना बरेच जण नेमक्या अशा अटी काढून टाकतात आणि ‘पाऊस मीठ धुऊन नेतो’ एवढंच ठेवतात. वाक्य सोपं झालं, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने खोटं झालं. उघडीप पडली असताना त्याला कळायला हवं, की शेतात साचलेलं पावसाचं गोडं पाणी सोडायचं नाही, कारण तेच मिठाला खाली दाबून ठेवतं. शिवाय भाताचं बी रुजताना बरंच मीठ सोसतं, पण कोवळं रोप सोसत नाही आणि पुढे फुलोऱ्यातही पीक नाजूक होतं. त्यामुळे ‘मोड चांगले आले, आता भीती नाही’ हा समज घात करतो. हे मी सावकाश सांगते. सभेनंतर कुणी काका विचारतात, “मग बाय, पाणी अडवायचं किती दिवस?” तेव्हा योग्य तपशील राहिला होता, याची मला खात्री पटते.

उलट, मानस कसं चालतं हे गावात सांगायला लागत नाही. तिथे ते माझ्यापेक्षा जास्त जाणणारे बसलेले असतात. जुन्या गोव्यात मृदाशास्त्राच्या सभेला बाहेरून आलेल्यांसाठी मात्र मी थांबते: भरतीचं पाणी लाकडी दाराला बाहेरून ढकलतं म्हणून ते मिटतं, आणि ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं. हे कळलं नाही तर माझ्या आलेखातली क्षारता मानसाजवळ का वाढते, ते त्यांना समजणार नाही. तज्ज्ञ हा त्याच्या विषयातला तज्ज्ञ असतो. शेजारच्या विषयात तोही सामान्य श्रोताच, आणि तसं धरूनच बोलावं असं माझं ठाम मत आहे.

एक तपशील मात्र अवघड म्हणून गाळत नाही, माणसांसाठी गाळते. शास्त्रज्ञांच्या नकाशावर प्रत्येक नमुन्याचं मानसापासूनचं अंतर असतं. तोच नकाशा गावात लावला तर कोणता ठिपका कुणाच्या शेताचा, हे क्षणात ओळखलं जातं. मासे जास्त मिळावेत म्हणून भरतीला दार उघडं ठेवलं जातं आणि खारं पाणी आत येतं, हा खाजनातला जुना वाद आहे, आणि तसा नकाशा त्या वादात कुणाकडे तरी बोट दाखवतो. म्हणून तिथे ‘मानसाजवळची’ आणि ‘डोंगराकडची’ एवढे दोनच गट. निष्कर्ष तोच राहतो.

पणजीत वाचकांसमोर बोलायचं असलं, की मानस समजवावं लागतं आणि आकड्यालाही आधार द्यावा लागतो. समुद्राचं पाणी सुमारे ५०, भाताला ३ च्या पुढे जड, एवढे दोनच आकडे तिथे घेते. पेरणीचा सल्ला पूर्ण काढते आणि उरलेला वेळ मीठ वर कसं चढतं ते दाखवण्याला देते.