दुरुस्तीचा व्हिडिओ लिहिताना खरा वेळ कुठे गेला

मुंबईच्या जुन्या रेल्वेवर आमचं छोटं चॅनेल आहे. मी लिहिते, माझा मित्र बोलतो. एका व्हिडिओत वाक्य गेलं होतं, ‘16 एप्रिल 1853 ला याच इमारतीतून ठाण्याची गाडी सुटली’, आणि पडद्यावर होती सीएसएमटीची इमारत. एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी खाली लिहिलं, ‘तेव्हा ही इमारत कुठे होती?’ नव्हतीच. गाडी सुटली बोरीबंदर स्थानकातून. सीएसएमटीचं काम 1878 ला सुरू झालं आणि ते दहा वर्षं चाललं.

यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ बदलून त्याच जागी दुसरा ठेवता येत नाही. तेवढा तुकडा कापता येतो, पण आमचं वाक्य सलग निवेदनाच्या मधोमध होतं. ते कापलं असतं तर पुढचं काहीच कळलं नसतं. शिवाय ज्यांनी आधीच पाहिलं, त्यांच्यापर्यंत कापाकापी पोहोचत नाही. म्हणून वेगळा छोटा व्हिडिओ करायचं ठरलं.

चित्रीकरण, आवाज, जोडणी सगळं पटकन झालं. अडलो ते ‘बरोबर’ वाक्यावर, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी लिहिलं, ‘भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदरहून सुटली.’ मित्र म्हणाला, ‘झालं, रेकॉर्ड करू.’ मी म्हटलं, ‘थांब, पहिली कशी?’ मद्रासजवळ रेड हिल्सला 1837 मध्येच दगड वाहणारी रेल्वे होती. रुडकीजवळ सोलानी नदीवर गंगा कालव्यासाठी जलसेतू बांधत होते, तिथे 1851 मध्ये माल ओढायला वाफेचं इंजिन धावलं होतं. म्हणजे एक चूक निस्तरायला बसलो आणि दुसरी करून उठलो असतो. त्यावर मित्राने सुचवलं, ‘काही जणांच्या मते पहिली असं म्हणू.’ इथे माझं डोकं फिरलं. तारीख आणि इमारत यात मत कसलं? शेवटी शब्द नेमके केले : ‘भारतातली पहिली सार्वजनिक प्रवासी गाडी’. दोन शब्द वाढले, पण वाक्य खरं झालं. दुरुस्तीत मूळ चुकीपेक्षा जास्त दावा करायचा नाही, हे तिथे पक्कं केलं. जे चुकलं तेवढंच सांगायचं. ‘पहिली’ हा शब्द आला की कशातली पहिली, हे त्याच वाक्यात लिहायचं.

मग क्रमावरून वाद. मित्राला आधी माफी, मग जुनं वाक्य, मग खरं वाक्य असं हवं होतं. मी उलटं लावलं, कारण लोक पहिली काही सेकंद पाहून पुढे जातात आणि तेवढ्यात जे ऐकलं ते लक्षात ठेवतात. मंजूर झालं ते असं :

‘16 एप्रिल 1853 ला भारतातली पहिली सार्वजनिक प्रवासी गाडी बोरीबंदर स्थानकातून ठाण्याकडे निघाली. आज दिसणारी सीएसएमटीची इमारत तेव्हा नव्हती. तिचं काम 1878 ला सुरू होऊन 1888 ला पूर्ण झालं. मागच्या व्हिडिओत आम्ही गाडी या इमारतीतून सुटली असं सांगितलं होतं. ते चूक होतं. आम्ही तारीख तपासली, इमारत तपासली नाही. क्षमस्व.’

एवढंच. कारण एका वाक्यात, माफी एका शब्दात. सबबी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या.

एक गोष्ट मात्र शेवटच्या क्षणी दिसली. जोडणी करणाऱ्या मुलाने ‘1853’ शब्दावर पुन्हा सीएसएमटीचंच दृश्य लावलं होतं. कानाला बरोबर, डोळ्याला जुनी चूक. तिथे काळ्या पाटीवर नुसतं ‘1853, बोरीबंदर’ लिहून घेतलं आणि इमारत ‘1878’ हा आकडा येईपर्यंत दाखवली नाही. जुन्या व्हिडिओचं लहान चित्र आणि शीर्षक यांवरही एकदा नजर टाका. आमच्या चित्रावर इमारतीशेजारी 1853 मोठ्या अक्षरात होतं, तेही बदलावं लागलं.

जुन्या व्हिडिओच्या वर्णनात दुरुस्ती टाकाल तेव्हा तिच्या वरचा ‘Corrections:’ हा शब्द इंग्रजीतच लिहा. बाकी मजकूर मराठी चालतो. मी तिथे ‘दुरुस्ती’ लिहून बसले होते आणि यूट्यूब पडद्यावर दाखवतं ती दुरुस्तीची सूचना काही येईना. वर्णनात व्हिडिओच्या प्रकरणांच्या वेळा दिल्या असतील तर दुरुस्ती त्यांच्या खाली लिहा, अशी :

```
Corrections:
4:12 गाडी बोरीबंदरहून सुटली. ही इमारत 1888 ची.
```

वेळ चूक जिथे ऐकू येते तिथलीच द्या. खाली नव्या व्हिडिओचा दुवा द्या, आणि ज्यांनी चूक दाखवली त्यांना सर्वांसमोर उत्तर लिहा. आमच्या त्या निवृत्त काकांची कमेंट मी अजूनही वर पिन करून ठेवली आहे.